कुंडीतलं लिंबू: मुळ्या दाटल्यात का, आणि पुढची कुंडी किती मोठी?

प्रश्न: "साहेब, फोटो पाठवतोय. अंगणातलं कागदी लिंबाचं झाड आहे, तीन वर्षांपासून याच मातीच्या कुंडीत. खालच्या भोकातून मुळ्या बाहेर आल्यात. पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं, संध्याकाळी माती कोरडी. खालची पानं पिवळी पडतात. चार-पाच लिंबं लागलीत. कुंडी बदलू का? एकदाच १८ इंची घेतली तर परत परत बदलायला नको, असं वाटतं."

उत्तर: तुमच्या फोटोत कुंडीपुढे वीट आडवी पडली आहे, तिचा चांगला उपयोग झाला. वीट साधारण ९ इंच लांब असते आणि ती कुंडीच्या तोंडापेक्षा थोडीशीच आखूड दिसते. म्हणजे कुंडी १० इंची आहे. झाड तीन-साडेतीन फुटांचं दिसतंय. एवढ्या झाडाला आणि तीन वर्षांच्या मुक्कामाला ही कुंडी अपुरी पडली असण्याची शक्यता मोठी आहे. पण भोकातून आलेल्या दोन मुळ्या पाहून मी निर्णय देणार नाही. लिंबाची एखादी मुळी ओलाव्याच्या शोधात भोकातून बाहेर पडतेच, आतली माती अर्धी रिकामी असली तरी.

पाणी लगेच निघून जाण्याचीही दोन कारणं असतात. एक म्हणजे मुळ्यांनी माती इतकी व्यापली की पाणी धरायला जागाच उरली नाही. दुसरं म्हणजे माती एकदा कडक वाळली, आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटली आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली गेलं. मधला गोळा कोरडाच राहिला. फोटोत तुमची माती काळी दिसते, आणि काळ्या मातीत हे फार होतं. म्हणून आधी एक करा. कुंडी पाण्याच्या टबात किंवा घमेल्यात अर्धी बुडेल अशी ठेवा, वरची माती ओली झालेली दिसेपर्यंत, साधारण अर्धा तास. मग बाहेर काढून पाणी निथळू द्या. त्यानंतर दोन दिवस ओल टिकली तर दोष वाळलेल्या मातीचा होता. इतकं भिजवूनही कोरड्या दिवशी संध्याकाळी माती पुन्हा सुकली, तर मुळ्या दाटल्या आहेत असं समजायला हरकत नाही. ही तपासणी पाऊस उघडलेला असताना करा, नाहीतर काही कळणार नाही.

पानांबद्दल. तुमच्याकडे जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी होत आहेत आणि वरचा पाला हिरवा आहे. हे नत्र कमी पडल्याचं लक्षण आहे, आणि थोड्या मातीत जास्त मुळ्या झाल्या की असं होतंच. नवी कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती. तिथे लोह-जस्ताची कमतरता असते आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे ती वाढते. नुसती कुंडी बदलून ती जात नाही.

आता खरी खात्री गोळा बाहेर काढूनच होते. तयार झालेली लिंबं आधी तोडून घ्या. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, म्हणजे सकाळी माती वाफशावर असेल. कुंडी आडवी करा, कडेने पातळ सुरी फिरवा, कुंडी थोडी लोळवत काठावर हाताने ठोका. खोड धरून ओढू नका. भोकातल्या मुळ्या अडत असतील तर त्या तिथेच कापून टाका. त्या सोडवायच्या नादात गोळा फुटतो.

गोळ्याकडे नीट पाहा. निम्म्याहून जास्त माती दिसत असेल आणि बोटाने दाबल्यावर ती सुटत असेल, तर झाड तसंच परत ठेवा, वरची दोन इंच माती काढून तिथे कुजलेलं शेणखत भरा आणि एक वर्ष थांबा. गोळ्याला कुंडीचा साचा आला असेल, मुळ्या गोल गोल फिरून तळाशी चटईसारखी गादी झाली असेल आणि माती जेमतेम दिसत असेल, तर कुंडी बदला. मुळ्या पांढरट-पिवळसर आणि टणक असायला हव्यात. तपकिरी, मऊ असतील, ओढल्यावर साल हातात येऊन आतला दोरा राहत असेल, वास येत असेल, तर ती मूळकुज आहे. त्या वेळी सडका भाग कापून झाड त्याच आकाराच्या कुंडीत ताज्या मातीत लावा, मोठ्या कुंडीत मुळीच नाही.

मुळ्या निरोगी आणि दाटलेल्या निघाल्या तर पुढची कुंडी १२ इंची घ्या. १८ इंची घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. दोन इंच ऐकायला थोडं वाटतं, पण घेर आणि खोली दोन्ही वाढतात. त्याच ठेवणीच्या १० इंचीपेक्षा १२ इंची कुंडीत सुमारे पावणेदोन पट माती मावते, १८ इंचीत जवळजवळ सहा पट. त्या सहा पट मातीत मुळ्या असतात मधोमध एवढ्याशा. बाकीच्या मातीतलं पाणी ओढून घ्यायला कोणी नसतं, ती आठवडाभर ओली राहते, आणि पावसाळ्यात तर सुकतच नाही. लिंबूवर्गीय झाडांना याच ओलीत फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची मूळकुज धरते. झाड एकाएकी मरत नाही. पानं मलूल होतात, आपण पाणी कमी पडलं समजून आणखी घालतो आणि ते जातं. १२ इंचीत दोनेक वर्षं काढा, मग १५ इंची, आणि १८ इंची त्यानंतर.

कुंडी सरळ किंवा वर रुंद होत जाणारी घ्या. पोट मोठं आणि तोंड लहान असलेली नको, पुढच्या वेळी गोळा बाहेर निघणार नाही. नवी मातीची कुंडी वापरण्याआधी काही तास पाण्यात भिजवा. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. तळाशी खडीचा थर घालू नका. त्याने निचरा वाढत नाही, उलट ओली माती मुळ्यांच्या जवळ वर सरकते.

भरायला दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाडसर वाळू. निव्वळ काळी माती पुन्हा नको. गोळ्याच्या बाजूने तीन-चार ठिकाणी वरपासून खालपर्यंत अर्धा इंच खोल उभे काप द्या आणि तळाची गादी इंचभर कापा. गोल फिरणारी मुळी कापली नाही तर ती मोठ्या कुंडीतही तशीच फिरत राहते. पुढे हे झाड शेतात लावलं तरी तीच मुळी खोडाला आवळते. गोळ्याचा वरचा भाग पूर्वीच्याच पातळीला ठेवा, खोड मातीत गाडू नका. कलमी झाड असेल तर जोड मातीच्या बराच वर हवा. बाजूची जागा जेमतेम इंचभर असते, तिथे माती काडीने खाली सारत भरा, पोकळी राहू देऊ नका. पाण्यासाठी वरून दीड इंच रिकामं ठेवा.

पावसाची झड लागली असेल तर एखादा उघडीचा दिवस पाहा. भरल्यावर खालून येईपर्यंत पाणी द्या आणि कुंडी आठ-दहा दिवस सावलीत, वळचणीचं पाणी पडणार नाही अशी ठेवा. या काळात काही पानं गळतील, त्यावर उपाय करू नका. पुढचं पाणी वरचा इंचभर थर सुकल्यावरच. नवी पालवी दिसेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, युरिया किंवा मिश्रखत काही देऊ नका. कापलेल्या मुळ्यांना ते सोसत नाही आणि तेवढ्यापुरतं शेणखतात पुरेसं असतं.