तरुण नोकरदारांच्या वेबिनारचे निमंत्रण: सुरुवात सॅलरी स्लिपपासून

प्रश्न: "मी मडगावला राहतो आणि वेर्ण्याच्या एका कारखान्यात एचआर विभागात काम करतो. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी गुंतवणुकीच्या मूलभूत गोष्टींवर विनामूल्य ऑनलाइन वेबिनार ठेवायचा आहे. निमंत्रणाचा मजकूर कसा लिहावा? मागच्या वेळी नोंदणी बरीच झाली, पण प्रत्यक्षात फार थोडे आले, आणि काहींनी थेट विचारले की शेवटी काय विकणार आहात."

उत्तर:

फोंडा आणि पणजी परिसरातील कर्मचारी संघटना आणि पतसंस्था यांच्यासाठी गेली काही वर्षे मी असे मजकूर लिहून देतो. आपल्याला भेडसावणाऱ्या दोन्ही अडचणी माझ्याही वाट्याला आलेल्या आहेत. माझ्या अनुभवाप्रमाणे दोन्हींचे मूळ मजकुराच्या पहिल्या दोन ओळींत असते, म्हणून मी त्या ओळींवरच अधिक थांबतो.

"गुंतवणुकीची मूलतत्त्वे" हे शीर्षक विषय सांगते, परंतु तेवीस वर्षांच्या वाचकाला त्यात स्वतःचे काही दिसत नाही. बावीस-पंचवीस हजारांच्या पगारात खोलीचे भाडे, दुचाकीचा हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे गेल्यावर उरते त्याला "गुंतवणूक" म्हणावे असे त्याला वाटतच नाही. तो सद्भावनेने नोंदणी करतो आणि त्या संध्याकाळी दुसरे काही निघाले की सत्र सोडून देतो. म्हणून ज्या कागदावर त्याचे लक्ष दर महिन्याला जाते, त्या सॅलरी स्लिपपासून मी सुरुवात करतो. त्या कागदावर गुंतवणूक आधीच चालू असते आणि बहुतेकांना ती केवळ कपात वाटते.

उदाहरण घेऊ. मूळ वेतन १५,००० रुपये असलेल्या कर्मचाऱ्याच्या पगारातून बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये भविष्य निर्वाह निधीसाठी कापले जातात. कंपनीही तेवढेच, म्हणजे १,८०० रुपये भरते. परंतु त्यांतील १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० रुपये निधीच्या खात्यात जमा होतात. म्हणजे त्या मुलाच्या नावावर दर महिन्याला निधीत २,३५० रुपये आणि पेन्शनकडे १,२५० रुपये जातात. पासबुक उघडून पाहिले की कर्मचाऱ्याचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शनचा वाटा असे तीन स्तंभ दिसतात. कंपनीने आपल्याइतकेच भरले असेल तर तिच्या स्तंभात ५५०च का, हा प्रश्न तेथेच पडतो, आणि हाच प्रश्न मी निमंत्रणाच्या पहिल्या ओळीत घालतो. २०२४-२५ साठी निधीवरील व्याज ८.२५ टक्के होते. हा आकडा मात्र मी निमंत्रणात घालत नाही, कारण दर वर्षागणिक बदलू शकतो आणि जुना मजकूर लोक पुढे पाठवत राहतात.

ही ओळ सर्वांना लागू पडत नाही, हे मला चूक झाल्यावर समजले. एकदा मी हाच मजकूर किनारी पट्ट्यातील हॉटेलांत काम करणाऱ्या मुलांच्या गटासाठी दिला. त्यांच्यापैकी अनेक जण कंत्राटी होते. दोन दिवसांत उत्तरे आली की आमच्या स्लिपमध्ये ही कपातच नाही, तर हे आमच्यासाठी नसावे. काहींना तर स्लिपच मिळत नव्हती. शिवाय ज्याची पहिलीच नोकरी आहे आणि वेतन १५,०००च्या मर्यादेपेक्षा अधिक आहे, त्याला कंपनीने निधीच्या बाहेर ठेवलेले असू शकते. म्हणून मजकूर लिहिण्याआधी आपल्या वेतन विभागाकडून एवढेच विचारून घ्यावे की ज्यांना निमंत्रण जाणार आहे त्यांची कपात खरोखर होते का आणि किती. आपल्याकडे कंत्राटी मुलेही असतील तर त्यांच्यासाठी पहिली ओळ वेगळी लिहावी, उदाहरणार्थ, "नोकरी सुटली तर किती महिन्यांचा खर्च तुमच्या खात्यात आहे?" ही ओळ त्यांना लगेच पटते, कारण हंगाम संपल्यावर काय होते हे ते पाहतात.

आता "शेवटी काय विकणार आहात" या प्रश्नाकडे येतो. हा संशय मी रास्त मानतो. विनामूल्य वेबिनारच्या नावाने मोबाइलवरच्या एखाद्या गटात ओढून घेणे, तेथे खोटे नफे दाखवणे आणि मग पैसे भरायला लावणे ही फसवणुकीची नेहमीची रीत झाली आहे. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने अशा रीतीने दोन पगार गमावले. म्हणून "पूर्णपणे मोफत" हे शब्द ठळक करून संशय जात नाही, उलट वाढतो. तो जातो तो वक्ता कोण आणि त्याचे पोट कशावर चालते हे सांगितल्याने.

येथे तीन वेगळे प्रकार आहेत. सेबीकडे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार आपल्या ग्राहकाकडून शुल्क घेतो. म्युच्युअल फंडाचा वितरक फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या एआरएन या नोंदणी क्रमांकावर काम करतो आणि त्याला फंड कंपनीकडून दलाली मिळते. ती वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनच्या खर्चात मिसळलेली असते आणि थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या डायरेक्ट प्लॅनमध्ये नसते. तिसरा केवळ शिकवणारा असतो. त्याला शिकवता येते, परंतु अमुक शेअर घ्या असे सुचवता येत नाही. २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने ही रेषा अधिक स्पष्ट केली आणि नुसत्या शिकवणाऱ्याने लगतच्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून एखाद्या शेअरच्या भावी किमतीकडे निर्देश करू नये, असे सांगितले. हे नियम बदलत असतात, म्हणून कार्यक्रमाआधी सेबीच्या संकेतस्थळावर ताजे परिपत्रक पाहून घ्यावे. आपला वक्ता वितरक असेल तर ते लपवण्याचे कारण नाही. तो वितरक आहे, त्याला दलाली मिळते आणि या सत्रात तो कोणत्याही योजनेचे नाव घेणार नाही, हे एकाच वाक्यात लिहावे. एआरएन क्रमांक दिला तर वाचक तो ॲम्फीच्या संकेतस्थळावर तपासू शकतो. वक्त्याने असे लिहू देण्यास नकार दिला, तर मी त्या वक्त्यासाठी निमंत्रण लिहीत नाही.

नोंदणीचा अर्जही याच कसोटीला उतरला पाहिजे. पॅन, जन्मतारीख, पगाराचा आकडा, बँकेचे नाव यांतले काहीही विचारू नये. नाव आणि ईमेल पुरेसे आहे. त्याखाली मी एक ऐच्छिक प्रश्न ठेवतो: "सध्या तुमची बचत कुठे आहे?" उत्तरांतून निमंत्रण योग्य माणसांपर्यंत गेले की नाही हे कळते. "बचत खात्यातच", "पतसंस्थेत आरडी", "आईकडे देतो" अशी उत्तरे आली तर मजकूर बरोबर पोहोचला. उत्तरांऐवजी "कोणता शेअर घेऊ?" असे प्रश्न येऊ लागले तर मजकुरात कुठेतरी कमाईचे आमिष शिरले आहे असे समजून तो पुन्हा वाचावा.

आमिष बहुधा एका हिशेबातून शिरते. महिना २,००० रुपये दहा वर्षे, बारा टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ४ लाख ६५ हजार, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक निमंत्रणात असते. गणित चुकीचे नाही, भरलेले पैसे २ लाख ४० हजार आहेत हेही खरे आहे. परंतु बारा टक्के हे गृहीतक आहे आणि वाचक ते आश्वासन म्हणून वाचतो. तोच हिशेब सहा टक्क्यांनी केला तर सुमारे ३ लाख २९ हजार होतात. दोन्ही आकडे शेजारी मांडून त्यांवर बोलायला सत्रात वेळ असतो, निमंत्रणात नसतो. म्हणून परताव्याचा एकही आकडा मी निमंत्रणात ठेवत नाही.

वेळेबाबत थोडक्यात सांगतो. पगार झाल्यानंतरच्या आठवड्यात, स्लिप ताजी असताना सत्र ठेवावे. पाळ्यांत काम असेल तर एकाच दिवशी सर्वांना जमत नाही, तेव्हा दोन दिवस तेच सत्र घ्यावे. चवथीच्या पंधरवड्यात काहीही ठेवू नये. आदल्या दिवशी एक आणि तासभर आधी एक आठवण पाठवावी आणि दुसऱ्या आठवणीत फक्त लिंक असावी.

आपल्या कारखान्यासाठी मी मजकूर साधारण असा लिहीन:

"सॅलरी स्लिपवर पीएफचे १,८०० रुपये कापलेले दिसतात. कंपनीही १,८०० भरते. मग पासबुकात कंपनीच्या नावापुढे ५५०च का दिसतात?

या प्रश्नापासून सुरुवात करून आपण पाहू की पगारातील कोणते पैसे आधीच गुंतवले जात आहेत, अडीअडचणीसाठी किती रक्कम हाताशी ठेवावी आणि त्यानंतर उरलेले पाचशे किंवा हजार रुपये एफडी, पीपीएफ आणि म्युच्युअल फंड यांपैकी कुठे ठेवले तर ते किती काळ अडकतात व त्यात कोणती जोखीम असते.

ज्यांच्या नोकरीला तीन वर्षे पूर्ण झालेली नाहीत त्यांच्यासाठी. चाळीस मिनिटे माहिती, वीस मिनिटे प्रश्न. बोलणे मराठीतून, प्रश्न कोकणीतून विचारले तरी चालतील. कॅमेरा सुरू ठेवण्याची गरज नाही.

वक्ते म्युच्युअल फंड वितरक आहेत आणि त्यांना फंड कंपन्यांकडून दलाली मिळते. या सत्रात कोणत्याही शेअरचे किंवा योजनेचे नाव सुचवले जाणार नाही. सत्राचा खर्च कंपनीचा कर्मचारी कल्याण विभाग करत आहे. सत्रानंतर कोणीही तुम्हाला फोन करणार नाही आणि कोणत्याही गटात सामील करून घेणार नाही. पॅन, ओटीपी किंवा पैसे मागणारा संदेश आमच्या नावाने आला तर तो आमचा नाही.

येताना आपली शेवटची सॅलरी स्लिप जवळ ठेवा. ती कोणालाही दाखवायची नाही."

यातील १,८०० आणि ५५० हे आकडे आपल्या वेतन विभागाने दिलेल्या माहितीप्रमाणे बदलावेत. काही कंपन्या पूर्ण मूळ वेतनावर कपात करतात. १५,००० किंवा त्याहून कमी वेतनावर निधीत आलेल्याचे मूळ वेतन पुढे २०,००० झाले असेल तर तेथे २,४०० कापले जातात, पेन्शनचा भाग साधारणपणे १,२५०च राहतो आणि कंपनीच्या स्तंभात १,१५० दिसतात. अशा मुलाला ५५० लिहिलेले निमंत्रण गेले तर त्याला ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटेल.

फोन न करण्याचे वाक्य लिहिले की ते पाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते. नोंदणीची यादी वक्त्याच्या हाती देऊ नये, ती आपल्याच विभागात ठेवावी. ज्याला पुढे वक्त्याशी बोलायचे असेल त्याने स्वतः संपर्क करावा, म्हणून वक्त्याचा ईमेल सत्राच्या शेवटच्या पडद्यावर द्यावा.