कापडी की डिस्पोजेबल? पावसाळ्यातलं वाळवण धरून हिशोब

"बाळ ३ महिन्यांचं आहे, आम्ही कोल्हापुरात राहतो. सासूबाई म्हणतात लंगोटच वापर, नवरा म्हणतो डिस्पोजेबल आण आणि मोकळी हो. खर्च, रॅश, धुणं, प्रवास सगळं धरून काय परवडतं? पावसाळा तोंडावर आलाय."

ताई, माझी लेक आता अडीच वर्षांची आहे, दोन पावसाळे कापडीवर काढलेत म्हणून सांगते, आपल्याकडे हा प्रश्न पैशाच्या आधी वाळण्याचा आहे. मी पहिल्यांदा १० पॉकेट डायपर घेतले, उन्हाळ्यात मजेत चाललं, सकाळी धुतलेले गच्चीवर दुपारपर्यंत कडक. जुलै लागला आणि पाच-सहा दिवस ऊनच नाही, तर वरचं कव्हर पंख्याखाली तीन-चार तासांत वाळायचं पण आतलं जाड शिवलेलं पॅड दुसऱ्या दिवशीही मधे ओलसर आणि कुबट. म्हणजे डायपर १० असूनही वापरायला ४-५च. मग मी दुकानात अजून डायपर घ्यायला निघाले होते तेव्हा सासूबाईंनीच अडवलं, म्हणाल्या, "अगं, कव्हर कशाला वाढवतीस, आतलं बदल की."

त्यांनी मामंजींचं जुनं मऊ झालेलं धोतर काढलं आणि साधारण पाऊण मीटरचे चौकोन फाडून दिले. त्याची तीनपदरी उभी घडी घालायची, बाळाच्या मापानं टोक दुमडायचं आणि कव्हरच्या आत ठेवायची. धुताना घडी उलगडली की एकच पदर, रात्री पंख्याखाली दोरीवर टाकलं की सकाळी वाळलेलं. शिवलेल्या पॅडात आणि ह्यात एवढाच फरक आहे पण पावसाळ्यात तोच सगळं ठरवतो. त्यामुळे कव्हर १२ पुरतात, चौकोन मात्र २०-२५ ठेवा. नवीन सुती कापड घेतलंत तर पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय ते नीट शोषत नाही, आधीच धुऊन ठेवा.

पैशाचा माझा हिशोब असा होता. फक्त डिस्पोजेबलवर दिवसाला ६-७ लागायचे, एक ११ रुपयाला, म्हणजे महिन्याला सव्वादोन हजारांच्या आसपास. कापडीला १२ कव्हर ३५० प्रमाणे ४२०० एकदाच, शिवाय रात्रीला एक डिस्पोजेबल ठेवला त्याचे महिना ३३०. साबण-पाणी धरूनही तीन महिन्यांत पैसे वसूल. रात्रीचा मी मुद्दाम सोडला नाही, कारण आतली जेल ओल धरून ठेवते, बाळ सलग झोपतं आणि आपणही. शी झाली तर मात्र कुठलाही असो, लगेच बदलायचा.

आता रॅशबद्दल, कारण कापडीनं रॅश होत नाही असं जे म्हणतात ते खरं नाही, मला उलटा अनुभव आला. ती सहा महिन्यांची असताना अर्ध्या तासात कडेनं गळायला लागलं, सकाळी कपडे काढले की डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा वास, आणि मांड्या लाल. मला वाटलं कापड विटलं. कारण निघालं ते माझंच, जास्त स्वच्छ व्हावं म्हणून पावडर भरपूर घालत होते, वर वासासाठी कपडे मऊ करणारं लिक्विड, आणि आमच्याकडे बोअरचं जड पाणी. साबण धाग्यात साठतो, लिक्विडचा थर बसतो, मग कापड शोषतच नाही. ओळखायचं कसं, तर वाळलेल्या कापडावर वाटीभर पाणी ओता, ते वरून ओघळलं तर थर बसलाय. नाहीतर धुतलेलं कापड साध्या पाण्यात खळबळा, फेस आला तर साबण उरलाय. मी सगळे चौकोन पावडर न घालता गरम पाण्यात फेस यायचा थांबेपर्यंत धुतले, तीन फेऱ्या लागल्या, मग पावडर निम्मी केली आणि लिक्विड बंद. चार दिवसांत मांड्या साफ. कव्हर मात्र उकळत्या पाण्यात घालू नका, आतला वॉटरप्रूफ थर सुटतो.

लाली जांघेच्या वळ्यांत असेल आणि कडेनं बारीक लाल पुटकुळ्या असतील तर ते बुरशीचं असू शकतं, साध्या क्रीमनं जात नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि क्रीम किंवा खोबरेल लावलंत तर कापडावर पातळ लायनर घाला, तेलानंही शोषणं कमी होतं.

धुण्याचं रोजचं काम वीसेक मिनिटांचं आहे, शी आधी संडासात झटकायची, गार पाण्यात खंगाळायचं (गरम पाण्यात डाग पक्का होतो), मग मशीनला.

पुण्याला एसटीनं निघालात तर सरळ डिस्पोजेबल घ्या. एकदा मी हट्टानं कापडी नेले आणि पाच तास ओल्या घड्या पिशवीत, साताऱ्यापर्यंत शेजारच्या बाई खिडकी उघडून बसल्या. जोतिबाला किंवा रंकाळ्यावर जायचं असेल तर दोन घड्या आणि एक चेनची वॉटरप्रूफ पिशवी, बास होतं.

आणि धोतर शोधताना सासूबाईंनाच विचारा, जितकं जुनं तितकं मऊ मिळतं.