डॉपलर उभं राहून केलं का, हे आधी बघा

प्रश्न: मी हॉटेलात भट्टीजवळ रोज ११-१२ तास उभा असतो. संध्याकाळी पाय जड पडतात, डाव्या पोटरीवर निळ्या गाठी दिसायल्यात. मेडिकलमधून स्टॉकिंग घेऊन घातले तर भागेल का, का ऑपरेशनच करावं लागतं?

माझं लातूरला कटिंगचं दुकान आहे, २४ वर्षं खुर्चीच्या मागं उभा आहे, त्यामुळं तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आपलं उभं राहणं चालणाऱ्या माणसासारखं नसतं. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं आणि शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. आपण एकाच जागी उभे, पोटरी हलतच नाही, रक्त खाली साचतं. त्यात झडपा कामातून गेल्या असतील तर वरचं रक्तही उलटं खाली येतं. गाठी दिसतात त्या ह्याच फुगलेल्या शिरा.

मला पहिली दोनतीन वर्षं नुसतं जडपण होतं, संध्याकाळी मोज्याचा वळ उमटायचा. नंतर डाव्या पायाला घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, खाज सुटायला लागली आणि कातडी तपकिरी काळी पडली. मला वाटलं गजकर्ण, मलम लावत बसलो. थोरला भाऊ म्हणायचा, "उभं राहून राहून रक्त साकळलंय, रोज रात्री तेल लावून रगड." रगडलं. एक दिवस खाजवताना तिथंच सालटं निघालं आणि ती जखम सात महिने भरली नाही. जो बघंल तो म्हणायचा शुगरची जखम आहे. शुगर तीनदा तपासली, तिन्हीदा नॉर्मल. रोज ड्रेसिंग, वरून अँटिबायोटिक, आणि सात महिन्यांत एकानंही मला उभं करून पाय बघितला नाही. ह्याचा राग मला अजून आहे.

मधे एका ठिकाणी डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कुठं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी केली. टेबलावर झोपवून केली, रिपोर्टमधे लिहिलं की शिरांमधे गुठळी नाही. घरी आलो तर दादानं रिपोर्ट बघून सांगितलं, "बघ, नॉर्मल हाय. उगं पैशे घालवायलास." आणि मीपण गप्प बसलो. आता कळतंय की तो रिपोर्ट खोटा नव्हता, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता. गुठळी झोपवून दिसते. झडप गळती आहे का हे बघायचं तर माणूस उभा पाहिजे, कारण झोपल्यावर रक्ताला खाली ओढणारं काही राहतच नाही.

पुढं एका गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणून रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं गेलो. त्यांनी मला स्टुलावर उभं केलं, वजन उजव्या पायावर घ्यायला लावलं, डाव्या जांघेजवळ मशीन लावलं आणि पोटरी दाबून सोडली. दाबली की रक्त वर जातं, सोडली की झडप बंद व्हायला पाहिजे. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं आलं तर झडप खराब धरतात. माझं तीन सेकंद येत होतं, मोठ्या सॅफेनस शिरेत, म्हणजे घोट्याच्या आतल्या बाजूनं निघून जांघेत मिळणाऱ्या शिरेत. ह्या रक्ताचा दाब रात्रंदिवस घोट्यावर, मग मलमानं काय भरणार होतं?

लेसर केलं. गुडघ्याजवळ सुईएवढं भोक, सोनोग्राफीवर बघत बारीक तार शिरेत घातली, शिरेच्या भोवती भूल देणारं पाणी सोडलं आणि आतून शीर भाजून बंद केली. चालत बाहेर आलो, संध्याकाळी घरी. वरून दाबाची पट्टी चालूच होती. जखम दोन महिन्यांत भरली.

दादाचं म्हणणं होतं की शीर जाळली तर रक्त कुठून जाईल, पाय वाळंल. तसं नाही हो. पायातलं बहुतेक रक्त आत स्नायूंमधल्या खोल शिरांतून वर जातं, कातडीखालची ही शीर बिघडलेलीच असते, ती बंद केल्यानं उलटा ओघ थांबतो. म्हणून आधी खोल शिरा मोकळ्या आहेत का ते तपासतात. जखम असताना शीर आतून बंद करायचं काम लवकर करायचं का थांबायचं, ह्यावर इंग्लंडमधे मोठा अभ्यास झाला, २०१८ ला छापून आला. दोन्हीकडं दाबाची पट्टी होतीच, पण ज्यांचं लवकर केलं त्यांच्या जखमा साधारण ५६ दिवसांत भरल्या, बाकीच्यांना ८२ दिवस लागले.

आता स्टॉकिंग. मी आजही घालतो, त्यामुळं त्याच्या विरोधात नाही. संध्याकाळचं जडपण आणि सूज नक्की कमी होते. पण त्यानं झडप दुरुस्त होत नाही, गाठी जात नाहीत, काढलं की परत तेच. शीर खराब असल्याचं दिसलं आणि त्रास आहे, तर वर्षानुवर्षं नुसत्या स्टॉकिंगवर काढणं मला पटत नाही. गरोदर बाईचं किंवा ज्याला लेसर झेपणारच नाही त्याचं वेगळं. नुसतं जडपण असेल आणि डॉपलरला उलटा ओघ नसेल तर मात्र स्टॉकिंग आणि पोटरी हलवत राहणं एवढंच पुरतं. मी दोन गिऱ्हाइकांच्या मधे वीस वेळा टाचा उचलतो, तुम्ही भट्टीजवळ उभ्या उभ्या करू शकता.

घ्यायचं तर गुडघ्याखालचं घ्या आणि माप सकाळी द्या, सूज यायच्या आधी, घोट्याचा सगळ्यात बारीक घेर आणि पोटरीचा सगळ्यात जाड. 'मीडियम द्या' म्हणून आणू नका. शिरांसाठी बहुतेक वेळा मधल्या दाबाचं, क्लास २ सांगतात, घोट्याला दाब जास्त आणि वर कमी होत जातो. अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी घालायचं, रात्री काढायचं. वरची कड दुमडू देऊ नका, तिथं दोरी बांधल्यासारखं आवळतं. मे महिन्यात आपल्याकडं ४२ डिग्रीला नको वाटतं, मी दोन जोड ठेवलेत आणि दुपारी बदलतो. सहाएक महिन्यांत ढिले पडतात, मग नवे.

एक राहिलंच, शुगर असेल, बिडी-सिगारेट असेल किंवा चालताना पोटरी आवळून थांबावं लागत असेल तर पायाच्या धमन्यांचा दाब तपासल्याशिवाय स्टॉकिंग अजिबात घालू नका, रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर बोटं काळी पडू शकतात. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर किडनी, हृदयही बघावं लागतं. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर गुठळीची शंका, त्याच दिवशी दवाखाना. गाठ फुटून रक्त आलं तर आडवं होऊन पाय वर करा आणि बोटानं दाबून धरा, उभं राहून धुवत बसू नका. लेसरनंही थोडे दिवस कातडी बधिर राहू शकते, क्वचित गुठळी होते, आणि काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते.

घोट्याजवळ कातडी काळी पडली असेल किंवा खाज असेल तर आता थांबू नका, नसेल तरी एकदा उभं राहून डॉपलर करून घ्या आणि रिपोर्टमधे कोणत्या शिरेत किती सेकंद ते लिहून मागा.

दादाच्या उजव्या घोट्याला आता तसाच डाग पडलाय, दिवाळीला बघितला. तो अजून तेलच लावतो. दादा, तू हे वाचत असशील तर सोमवारी दुकान बंद असतं, मी गाडी घेऊन येतो.