उत्तर 4420 आलं? उष्णता कुठे गळते ते आधी पाहा

हीटरने पाणी तापवून त्याची विशिष्ट उष्णता मोजताना सुमारे 4200 ज्यूल प्रति किलो प्रति अंश यायला हवं होतं, तुमचं 4420 आलं; पण म्हणजे पद्धत चुकली असं नाही. उष्णता बाहेर गेली की तापमान कमी चढतं, आणि भागाकारात विशिष्ट उष्णता नेहमी जास्तच येते.

तुमचेच आकडे घेऊ. 12 व्होल्ट, 2 अँपिअर, 300 सेकंद म्हणजे 7200 ज्यूल. 200 ग्रॅम पाणी आणि 100 ग्रॅमचं तांब्याचं भांडं मिळून तापमान साधारण 8.2 अंशांनी चढायला हवं होतं. तुमचं 7.8 च चढलं. ही एवढीशी तूट उत्तर पाच टक्क्यांनी फुगवते. भांड्याने घेतलेली उष्णता वजा करायला विसरलात, तर 4600 च्याही वर जाल. नवशिक्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक.

सुरुवातीला एवढं करा:

- पाणी खोलीपेक्षा सुमारे 4 अंश थंड घ्या, म्हणजे शेवटी ते तेवढंच गरम असेल. पहिल्या अर्ध्यात आत आलेली उष्णता दुसऱ्या अर्ध्यातल्या गळतीची बरीचशी भरपाई करते. भांड्याबाहेर दव धरत असेल तर मात्र इतकं थंड घेऊ नका, दव धरताना उष्णता सोडतं.
- झाकण आणि बाहेरून जाड आवरण हवंच. उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन खूप उष्णता नेतं.
- हीटर पूर्ण बुडालेला असू द्या आणि सतत ढवळा.
- हीटर बंद केल्यावरही ढवळत राहा आणि सर्वाधिक तापमान नोंदवा. गरम कॉइलमधली उष्णता पाण्यात यायला थोडा वेळ लागतो.

शीतन आलेखाची दुरुस्ती, म्हणजे पाणी किती वेगाने थंड होतं त्यावरून गळती काढून उत्तर सुधारणं, सध्या बाजूला ठेवा.