फीची सूचना पालकांना का खटकली?

प्रश्न: वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, ‘खालील विद्यार्थ्यांच्या पालकांनी फी तात्काळ भरावी, अन्यथा पाल्यास परीक्षेस बसू दिले जाणार नाही.’ खाली ११ नावं दिली. पालक चिडले. आता काय लिहू?

उत्तर: पालकांना फी मागितल्याचा राग नाही, नावांचा आहे. ती यादी मुलांच्याही हाती पडते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ‘तुझी फी राहिलीय ना?’ सुरू होतं. थकबाकी पालकांची, मान खाली मुलाची. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये मुलांच्या मानसिक छळाला मनाई आहे, त्यामुळे परीक्षेची धमकी तर मुळीच नको. शिवाय ‘तात्काळ’ म्हणजे कधी, आणि एकदम जमत नसेल तर कुणाला भेटायचं, हे सूचनेत कुठेच नाही.

आधी तो मेसेज काढा आणि ‘नावं टाकायला नको होती, क्षमस्व’ एवढंच लिहा. स्पष्टीकरण देत बसू नका. मग बिननावाची सूचना टाका:

‘नमस्कार. दुसऱ्या सत्राची फी २० फेब्रुवारीपर्यंत भरावी, ही विनंती. कार्यालय सकाळी ९ ते १ उघडे असते. हप्ते हवे असल्यास मुख्याध्यापकांना भेटावे. फी भरूनही नोंद झाली नसेल तर पावती दाखवावी. परीक्षा सर्व विद्यार्थ्यांची वेळेवर होईल.’

हप्त्यांची ओळ मुख्याध्यापकांना विचारूनच घाला. थकबाकीची रक्कम त्या ११ पालकांना वेगवेगळी, शक्यतो फोनवर सांगा. त्याआधी कार्यालयाची वही तपासा, कारण भरलेल्या पालकाला पुन्हा मागितलं की तो जास्त दुखावतो.