बँकेला कोरा नंबर द्या, जगाला जुनाच राहू द्या

प्रश्न: माझ्याकडे दोन सिम आहेत. एक खूप वर्षांचा जुना नंबर, दुसरा अलीकडे घेतलेला. बँक, ऑनलाइन खरेदी आणि सोशल मीडिया, कुठे कोणता नंबर द्यावा म्हणजे प्रायव्हसी राहील?

उत्तर: नवा नंबर बँकेला. बाकी सगळीकडे जुना.

बहुतेक लोक याच्या नेमकं उलटं सांगतील. माझा दादा तर अजून सांगतो. त्याचं म्हणणं असं, की जुना नंबर म्हणजे आपला खरा नंबर, तो महत्त्वाच्या ठिकाणी द्यायचा आणि नवा ‘फालतू कामांना’ ठेवायचा. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण तुमचा जुना नंबर आता तुमच्या ताब्यात राहिलेलाच नाही. जुन्या शेजाऱ्यांच्या, सोडलेल्या ऑफिसातल्या लोकांच्या, कधी एकदा नळ दुरुस्त करून गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये तो नावासकट पडलेला आहे. त्यांतल्या कुणीही एखाद्या ॲपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली, की तो तिथून पुढे गेला. तुम्हाला कुणी विचारत नाही. 2021 साली फेसबुकच्या 53 कोटींहून जास्त लोकांची माहिती फोन नंबरांसकट उघड्यावर आली. ती कॉन्टॅक्ट्स जुळवून मित्र शोधून देणाऱ्या सोयीचा गैरवापर करून गोळा केलेली होती, असं कंपनीनेच सांगितलं. असा फिरून आलेला नंबर आता लपवायचा म्हणजे पेस्ट ट्यूबमध्ये परत भरण्यासारखं आहे. त्यापेक्षा तो उघडा आहे असं धरून चाला आणि पैशांची दारं त्याच्यापासून तोडा.

मी काही वर्षं एका ऑनलाइन दुकानाच्या ग्राहकसेवेत होते, त्यामुळे पलीकडची बाजू पाहिली आहे. तिथे तुमचं नाव दुय्यम असतं. नावं दहा प्रकारे लिहिली जातात, पत्ते बदलतात, ई-मेल लोक विसरतात. नंबर मात्र तोच राहतो, म्हणून माणूस ओळखायचा तर नंबरावरून. जाहिरात करायची वेळ आली की आमच्याकडची एक्सेल शीट निघायची, त्यातला नंबरांचा रकाना जाहिरातीच्या प्लॅटफॉर्मवर चढायचा आणि तिकडे सोशल मीडियावरच्या खात्यांशी जुळवला जायचा. नंबर आहे तसा जात नाही, त्याचं हॅश करून, म्हणजे त्यावरून बनवलेल्या सांकेतिक आकडे-अक्षरांच्या रूपात जातं, असं आम्हाला सांगायचे. पण दोन्हीकडे त्याच नंबराचं तेच हॅश तयार होतं, म्हणून तर जुळणी होते. प्रायव्हसीचा मुद्दा इथे आहे: एकच नंबर दोन ठिकाणी दिला की त्या दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींना शिवल्या जातात. बँकेची नोंद त्या शिवणीत नको.

आता मला आलेल्या एका फोनची गोष्ट. घरी सगळे जमलो होतो आणि माझ्या जुन्या नंबरवर कॉल आला. ‘तुमच्या बँकेतून बोलतोय, केवायसी अपुरी आहे, संध्याकाळपर्यंत खातं गोठेल.’ त्याला माझं पूर्ण नाव माहीत होतं. आठवड्यापूर्वी मी मिक्सर मागवला होता, तेही माहीत होतं, आणि त्या मिक्सरचं पेमेंट अडकलंय म्हणून तो घाई करत होता. बोलणं इतकं सफाईदार, की समोर बसलेला दादा खुणेने मला ‘कर, कर, लगेच कर’ म्हणत होता. मी विचारलं, ‘माझा कुठला नंबर आहे हो तुमच्याकडे?’ त्याने अगदी ठासून, एकेक आकडा सुटा करत जुना नंबर वाचून दाखवला. तो नंबर माझ्या बँकेकडे नाहीच. मी फोन ठेवला.

दादा म्हणाला, ‘अगं, खरंच बँकेचा असता तर?’ मी म्हटलं, ‘दादा, बँकेचा असता तर दुसऱ्या सिमवर आला असता.’ तो म्हणाला, तुझं नशीब. यात नशीब कुठून आलं? बँक म्हणून जुन्या नंबरवर जे काही येईल ते खोटं, मग तो कॉल असो, मेसेज असो की लिंक. बोलणाऱ्याचा आवाज, इंग्रजी, माहिती, काही तपासावं लागत नाही. दादाची बँक, खरेदी आणि तीन-चार ग्रुप एकाच नंबरवर आहेत, त्यामुळे त्याला प्रत्येक कॉलला डोकं लावून ठरवावं लागतं. थकलेल्या दिवशी डोकं चालत नाही, आणि फसवणारे त्याच दिवसाची वाट बघतात.

पण नवा नंबर म्हणजे कोरा नंबर, हे गृहीत धरू नका. सोडून दिलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात. 2021 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नव्या ग्राहकांना मिळू शकणारे 259 नंबर तपासले, तर त्यांतले 171 कुणाच्या ना कुणाच्या चालू खात्यांना अजून जोडलेले निघाले. म्हणून नवं सिम घेतल्यावर लगेच बँकेत पळू नका. काही आठवडे ते नुसतं फोनमध्ये ठेवा आणि काय येतं ते बघा. कुणा तिसऱ्याच्या नावाने हप्त्याची आठवण, पार्सलचा मेसेज, ‘काका, पोचलात का’ असं काही येत असेल तर तो नंबर वापरलेला आहे. दुसऱ्याच्या फोनवरून तो मेसेजिंग ॲपमध्ये शोधा. तुम्ही खातं उघडलेलं नसताना तिथे कुणाचा तरी फोटो दिसला, तर तो नंबर परत करा आणि दुसरा घ्या.

एकदा बँकेला दिला की मग तो कुणालाच द्यायचा नाही. नवऱ्यालासुद्धा कॉन्टॅक्ट म्हणून सेव्ह करू देऊ नका, घरात कागदावर लिहून ठेवा. त्यावर मेसेजिंग ॲप उघडू नका. आणि फोनच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी जुनं सिम कायमचं ठरवून टाका. ‘दर वेळी विचार’ असं ठेवलंत तर घाईत बोट चुकतं, पार्सलवाल्याला बँकेच्या सिमवरून कॉल जातो, आणि तुमचा गुप्त नंबर त्याच्या कॉलच्या यादीत जाऊन बसतो.

याहून मोठं भोक एसएमएसच्या परवानगीचं आहे. अँड्रॉइडवर एखाद्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी दिली की ते दोन्ही सिमचे मेसेज वाचू शकतं. सिम वेगळी असली तरी मेसेजची पेटी एकच असते. खरेदीच्या किंवा कर्जाच्या ॲपला ‘ओटीपी आपोआप भरू’ म्हणून ती परवानगी दिलीत, तर तुमचे बँकेचे मेसेज, म्हणजे किती जमा, किती खर्च, किती शिल्लक, सगळं त्याच्यासमोर. परवानग्यांच्या यादीत जाऊन एसएमएससमोर कोण कोण आहे ते बघा आणि मेसेजच्या ॲपशिवाय, गरज असेल तर बँकेच्या ॲपशिवाय, सगळ्यांची काढून टाका. ओटीपी हाताने टाइप करायला काही लागत नाही.

दोन सिमचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. कुणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तर तुमच्या हातातलं सिम मरतं. जुन्या सिमला रेंज आहे, बँकेच्या सिमला अचानक अजिबात नाही, फोन बंद-चालू करूनही नाही, असं दिसलं तर थांबू नका. जुन्या नंबरवरूनच आधी बँकेला कॉल करून व्यवहार थांबवा, मग सिम कंपनीला. एकच सिम असलेला माणूस तेव्हा कुणाचा तरी फोन मागत फिरतो. फोन चोरीला गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी घेतो, म्हणून बँकेच्या सिमला सिमचा पिनही लावा. फोनचा पिन वेगळा, हा वेगळा. तीनदा चुकला की सिम उघडायला कंपनीचा पीयूके कोड लागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. कंपनीने दिलेला मूळ पिन माहीत नसेल तर अंदाजाने टाकू नका, त्यांना विचारा.

आता दादाची बाजू, कारण तो हे वाचणार आहे. त्याचा एक मुद्दा खरा आहे: जो नंबर रोज वापरत नाही तो रिचार्जविना बंद पडतो, आणि बँकेचा नंबर बंद पडून दुसऱ्याला मिळणं हे जुना नंबर वापरण्यापेक्षा वाईट. वर सांगितलेल्या 171 नंबरांचे आधीचे मालक असेच कुणीतरी असणार. तेव्हा वैधता संपायच्या आठवडाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये लावा, आणि महिन्यातून एकदा त्या सिमवरून स्वतःच्याच जुन्या नंबरला एक एसएमएस पाठवा. हे जमणार नसेल, तर मात्र दादासारखं करा आणि सगळं एकाच नंबरवर ठेवा.

खरेदी आणि सोशल मीडिया यांत फरक करावा का, हे तुम्ही विचारलंयत, पण दोनच नंबर असताना ते जमत नाही. दोन्ही जुन्यावर जातील आणि एकमेकांना जोडले जातील. सोशल मीडियावर ‘नंबरवरून मला कोण शोधू शकेल’ ही सेटिंग बंद करा, आणि जिथे ई-मेलवर खातं उघडतं तिथे नंबर देऊच नका. ‘फक्त सुरक्षेसाठी’ मागितला तरी विचार करून द्या. ट्विटरने लोकांनी सुरक्षेसाठी दिलेले नंबर जाहिरातींसाठी वापरले आणि 2022 साली अमेरिकेत 15 कोटी डॉलर दंड भरला. त्यापेक्षा कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप लावा, त्याला नंबरच लागत नाही.

ई-मेलच्या रिकव्हरीला मात्र बँकेचाच नंबर द्या. मेल ज्याच्या हातात गेला तो बाकीचे पासवर्ड बदलू शकतो, म्हणून मेलला मी बँकेच्याच रांगेत धरते. बँकेत नंबर बदलताना जुनं सिम चालू असायला हवं, कारण बदलाची खात्री करणारा मेसेज बऱ्याचदा जुन्या नंबरवर येतो. आणि बदल झाल्यावर लगेच एक छोटा व्यवहार करून ओटीपी कुठल्या सिमवर येतो ते बघा. कार्ड, कर्ज आणि गुंतवणूक यांच्या नोंदी बँकेत वेगवेगळ्या असू शकतात. एकीकडे बदलला म्हणून सगळीकडे बदलतोच असं नाही.