‘प्रेडिक्टिव्ह कोडिंग’मधले ‘कोडिंग’

प्रश्न : दाव्याच्या कागदपत्रांचे भाषांतर करताना ‘प्रेडिक्टिव्ह कोडिंग’ला ‘भाकीत-संकेतन’ म्हटले तर चालेल का? आणि नुसत्या शब्दशोधाहून त्यात वेगळे काय असते?

‘संकेतन’ टाळावे, कारण येथे कोडिंग म्हणजे संगणकाची आज्ञावली लिहिणे नव्हे. वकील एकेक ईमेल वाचून त्यावर ‘संबद्ध’ किंवा ‘असंबद्ध’ असा शेरा मारतो, त्या शेरा मारण्यालाच या व्यवसायात कोडिंग म्हणतात. वकिलाने असे काही नमुने तपासून दिले की संगणक त्यांतील शब्दांची ठेवण शिकतो आणि उरलेल्या ईमेलवर वकील कोणता शेरा मारील याचा अंदाज बांधतो. म्हणून मी ‘अनुमानित वर्गवारी’ लिहीन. ‘भाकीत’ शब्दाला पंचांगाचा वास येतो.

फरक सोलापूरच्या एका कल्पित दाव्यावरून पाहू. टॉवेल धुतल्यावर रंग जातो, अशी खरेदीदाराची तक्रार आहे आणि कारखान्याचे दहा हजार ईमेल चाळायचे आहेत. ‘रंग’ शोधला की ‘रंगभवनापाशी भेटू’ आणि ‘रंगपंचमीची सुट्टी’ हेही हाती येते. मात्र ‘बादलीतलं पाणी लाल झालं’, ‘मागच्या लॉटसारखंच झालं’ आणि रोमन लिपीतले `rang gela` निसटतात. पहिला दोष फक्त वेळ खातो. दुसरा दिसतच नाही, आणि तोच घातक.

ब्लेअर आणि मॅरन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले होते. खटल्यातील सुमारे ४०,००० दस्तऐवजांतून शब्दशोधाने निदान ७५ टक्के संबद्ध कागद मिळाले, असा वकिलांचा समज होता. प्रत्यक्षात मिळाले होते सुमारे २० टक्के. एकाच अपघाताला कोणी ‘घटना’ म्हणत होते, कोणी ‘परिस्थिती’, आणि हे सगळे पर्याय आधी कोणाला सुचणार? (पर्यायी शब्दांचे वेड असलेल्या आपल्यासारख्यांनाही सुचले नसते.) २०१२ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दंडाधिकारी न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी अनुमानित वर्गवारीला मान्यता दिली.

ही पद्धतही आंधळेपणाने घेऊ नये. एका वकिलाने ‘पाणी लाल झालं’ला संबद्ध ठरवले आणि दुसऱ्याने असंबद्ध, तर संगणक गोंधळच शिकतो. म्हणून टाकून दिलेल्या ढिगातून काही ईमेल चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलून माणसाने वाचायचे असतात. समजा, आपल्या दाव्यात संगणकाने निवडलेल्या २,००० ईमेलांत वाचल्यावर ६४० संबद्ध मिळाले आणि उरलेले ८,००० संगणकाने टाकाऊ ठरवले. त्यांतले ४०० वाचले, तर ८ संबद्ध निघाले. त्या प्रमाणात ढिगात सुमारे १६० राहिले असतील, म्हणजे एकूण ८०० पैकी ६४०, ८० टक्के, सापडले. अर्थात आठावरून काढलेला हा आकडा बराच मागेपुढे होऊ शकतो, म्हणून ते आठ ईमेल आधी नीट वाचावेत. त्यांत मजकूर नसून नुसते डाग पडलेल्या टॉवेलचे फोटो जोडलेले असतील, तर शब्दांवरून शिकणाऱ्या यंत्राला ते दिसणार नाहीत. तसे जोडपत्रांचे ईमेल वेगळे काढून माणसानेच पाहावे लागतील.